नवे चामडी बूट चावतात? चामडं न फाटता ते कसे सैल करायचे

माझ्या भाच्याची पहिली नोकरी सोमवारी सुरू होणार होती. गुरुवारी संध्याकाळी तो नवे काळे डर्बी बूट घेऊन माझ्याकडे आला. आठ नंबर, खरं चामडं, दुकानात दुपारी घातले तेव्हा बरे वाटले होते. घरी तासभर घालून बसला तर उजव्या पायाची करंगळी लाल झाली. "मामा, हेअर ड्रायरनं गरम केले की सैल होतात म्हणे," असं म्हणत ड्रायर सोबत घेऊनच आला होता. तो ड्रायर मी आधी बाजूला ठेवायला लावला, कारण त्याच उपायानं मी काही वर्षांपूर्वी माझे चांगले तपकिरी बूट खराब केले होते. चवड्यापाशी, जिथे बूट वाकतो तिथे, केसाएवढ्या चिरा पडल्या. त्या पॉलिशनं झाकल्या गेल्या, पण बुजल्या कधीच नाहीत.

गुरुवार ते सोमवार या चार दिवसांत आम्ही काय केलं ते इथे क्रमानं सांगतो. घट्ट बूट सैल करायला साधारण एवढाच वेळ लागतो. एका रात्रीत उरकायला गेलात तर चामडं चिरण्याचा धोका असतोच.

आधी बूट नेमका कुठे लागतो ते शोधा

पाय दिवसभरात थोडे सुजतात, म्हणून तपासणी संध्याकाळीच करा. ऑफिसला जे मोजे घालणार तेच घाला. जमिनीवर चादर किंवा सतरंजी अंथरा म्हणजे सोलला ओरखडे पडणार नाहीत, आणि अर्धा तास घरातच चाला. बदलून मिळण्याची शक्यता याच अर्ध्या तासापुरती असते. एकदा बाहेर वापरलेला किंवा आतून ओला केलेला जोड सहसा कोणी परत घेत नाही.

बोटांची टोकं पुढे टेकत असतील तर बूट लांबीला कमी आहे. तो परत करा. बुटाच्या पुढच्या टोकात आणि टाचेच्या कपात चामड्याच्या दोन थरांमध्ये कडक अस्तर बसवलेलं असतं, आकार टिकावा म्हणून. ते ताणलं जात नाही. आपल्याकडच्या ब्रिटिश मापात एका नंबरमागे लांबी साधारण साडेआठ मिलिमीटरनं वाढते. एवढी लांबी बूट ताणायचं कुठलंही साधन किंवा कुठलाही कारागीर काढून देऊ शकत नाही.

टाचेच्या मागे, वरची कडा घासून फोड येत असेल तर तिथेही ताणण्याचा उपयोग नाही. ती कडा मऊ करावी लागते. अंगठ्यानं रोज थोडी चोळा, आतून पातळ पॅड चिकटवा, किंवा गटई कारागिराकडून कडेवर हलक्या हातोडीनं ठोकून घ्या. नाड्या बांधल्यावर पायाच्या वरच्या उंचवट्यावर दाब येत असेल तर त्या जागेवरची एक भोकाची जोडी सोडून नाडी ओवा. दाब लगेच कमी होतो.

ताणून खरा फायदा होतो तो चवड्याच्या रुंदीत. अंगठ्याच्या मुळाशी असलेलं हाड आणि करंगळीच्या मुळाशी असलेलं हाड, या दोन ठिकाणी बहुतेक नवे बूट चावतात. भाच्याला करंगळीपाशी लागत होतं. तिथल्या चामड्यावर मी बाहेरून कागदी चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावला, म्हणजे पुढचे चार दिवस ती जागा चुकणार नव्हती.

आणखी एक गोष्ट आधी बघून घ्या. आतली गादी निघते का? ती काढून घातल्यावर बूट आरामात बसत असेल तर ताणण्याच्या भानगडीत पडू नका, पातळ गादी घाला. दोन-तीन मिलिमीटरची उंची कमी झाली की चवड्याला बरीच मोकळीक मिळते.

चामडं कोणतं आहे

बुटाच्या वरच्या भागावर अंगठ्यानं दाबा. खऱ्या चामड्यावर अंगठ्याभोवती बारीक, अनियमित सुरकुत्या उठतात आणि अंगठा उचलला की विरतात. रेक्झिन किंवा त्याच्यासारखं कृत्रिम कापड एकसारखं खळगा पडल्यासारखं दबतं. जिभेच्या कडेला कापलेली धार दिसते तिथेही पाहा. चामड्याची धार तंतुमय, लवदार असते. कृत्रिम मालाच्या धारेत वर प्लास्टिकचा पापुद्रा आणि खाली कापडाची वीण दिसते. असा बूट ताणला तर एक तर तो तात्पुरता ताणून पुन्हा मूळ जागी येतो, नाहीतर वरचा पापुद्रा फाटतो. त्याच्यावर मेहनत करू नका.

खऱ्या चामड्यातही फरक आहे. मऊ, नैसर्गिक पोत दिसणारं चामडं सहज ऐकतं. आरशासारखं चकचकणारं पेटंट चामडं फार धोक्याचं, कारण त्याच्यावरचा जाड चमकदार थर चामड्याइतका ताणला जात नाही. अगदी गुळगुळीत, एकसारखा रंग असलेले स्वस्त ऑफिस बूटही बऱ्याचदा वरून रंगाचा जाड थर चढवलेले असतात. ते ताणता येतात, पण निम्म्या वेगानं.

चामडं का चिरतं

चामडं म्हणजे तंतूंची घट्ट गुंफलेली जाळी. त्यात थोडा ओलावा आणि तेलकटपणा असेल तर तंतू एकमेकांवरून सरकतात, आणि ताणलेल्या अवस्थेत वाळले की तिथेच स्थिर होतात. बूट बनवतानाही हेच होतं. चामडं लाकडी किंवा प्लास्टिकच्या पायावर ओढून बसवतात आणि तसंच ठेवतात. या पायाला जुने लोक कलबूत म्हणायचे, आता सगळे फर्मा म्हणतात. आपण घरी जे करतो ते त्याच कामाचं छोटं रूप.

कोरडं चामडं एकदम ओढलं की तंतूंना सरकायला वाव मिळत नाही आणि ते तुटतात. वरचा रंगाचा थर तर त्याआधीच तडकतो. उष्णतेनं दोन्ही बाजूंनी नुकसान होतं. ओलावा उडतो, आणि सोल चिकटवलेला गोंद मऊ पडतो. ओलं चामडं जास्त तापलं तर आक्रसून कडकही होतं. म्हणजे ड्रायरच्या गरम हवेनं बूट काही मिनिटं नरम वाटतो खरा, पण थंड झाल्यावर आधीपेक्षा कोरडा असतो, आणि त्याच कोरड्या अवस्थेत आपण पाय घालून तो वाकवतो. माझ्या तपकिरी बुटांच्या चिरा अशाच पडल्या.

म्हणून क्रम पक्का ठेवा. आधी मऊ करणं, मग थोडा ओलावा, मग हळू ताण, आणि ताण न काढता पूर्ण वाळवणं.

घरी करायची पद्धत

लागणाऱ्या वस्तू थोड्याच आहेत. चामड्याचं रंगहीन क्रीम, मऊ सुती फडकं, फवारणीची छोटी बाटली, आणि स्क्रू फिरवून रुंद होणारा लाकडी किंवा प्लास्टिकचा ताणा. हा ताणा 'शू स्ट्रेचर' नावानं ऑनलाइन मिळतो. विकत घेताना दोन गोष्टी पाहा. तो तुमच्या नंबराच्या पट्ट्यातला हवा, आणि त्याच्या पुढच्या भागाला भोकं हवीत. त्या भोकांत छोट्या गोल गोट्या बसवता येतात, आणि बूट जिथे चावतो तेवढीच जागा त्या बाहेर ढकलतात. करंगळीच्या त्रासाला या गोट्यांवाचून पर्याय नाही.

गुरुवारी रात्री आम्ही फक्त मोजमाप आणि क्रीम एवढंच केलं. शिवणकामाची टेप चवड्याच्या सर्वांत रुंद भागाभोवती गुंडाळली. उजव्या पायाचा घेर 254 मिलिमीटर, डाव्याचा 250. डावा बूट जेमतेम बसत होता, म्हणजे उजव्या बुटाला घेरात साधारण चार मिलिमीटर हवे होते. हे शक्य आहे. ब्रिटिश मापात रुंदीची एक पायरी म्हणजे घेरात साधारण सहा मिलिमीटर, आणि त्याहून जास्तीची अपेक्षा मी कुठल्याच बुटाकडून करत नाही. मग बूट दोन जाड पुस्तकांच्या मध्ये उभा ठेवला, पुस्तकं दोन्ही बाजूंनी अलगद टेकवली आणि मधलं अंतर मोजलं. 102 मिलिमीटर. हा आकडा लिहून ठेवा. बूट खरंच रुंद झाला की आपल्याला तसं वाटतंय, ते यावरूनच कळतं.

त्यानंतर चिकटपट्टी थोडा वेळ काढून त्या जागेवर आणि आसपास वाटाण्याएवढं क्रीम बोटानं चोळलं. जास्त नको. चामडं रात्रभर ते पिऊन घेतं. सकाळी फडक्यानं पुसलं तेव्हा बोटाला तो भाग थोडा नरम लागत होता.

शुक्रवारी सकाळी आतून ओलावा दिला. कोमट पाण्याचे दोन-तीन फवारे, फक्त चिन्हाच्या जागी, आतल्या अस्तरावर. अस्तर दमट व्हायला हवं, पाणी गळायला नको. बाहेरच्या बाजूनं फवारू नका, तिथे डाग राहतात. औषधांच्या दुकानात मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी समप्रमाणात घेतलं तर ते चामड्यात लवकर शिरतं आणि वाळतंही लवकर. बाजारातले ताणण्याचे फवारे साधारण याच धर्तीचे असतात. पण अल्कोहोल रंग सोडवू शकतं, म्हणून आधी जिभेच्या खालच्या, न दिसणाऱ्या बाजूला एक थेंब लावून पांढऱ्या कापडानं पुसा. कापडाला रंग आला तर साध्या पाण्यावरच थांबा. हे मिश्रण पेट घेतं, तेव्हा गॅसजवळ किंवा देवघरातल्या दिव्याजवळ वापरू नका. बुटाचं अस्तर कृत्रिम असेल तर आतलं पाणी चामड्यापर्यंत पोचतच नाही. अशा वेळी घट्ट पिळलेलं ओलं फडकं बाहेरून एकसारखं फिरवा, म्हणजे एका जागी डाग पडणार नाही.

मग ताणा आत घातला. नाड्या पूर्ण सैल सोडल्या, गोटी करंगळीच्या जागी बसवली, आणि ताणा पुढे सरकवून स्क्रू हातानं फिरवला. पहिल्यांदा अडथळा जाणवला तिथे थांबलो. तिथून पुढे फक्त एक फेरा. घट्ट लागला पाहिजे, पण हात दुखेपर्यंत जोर लावायचा नाही. बूट पंख्याखाली, सावलीत ठेवला. बारा तासांनी, संध्याकाळी, अर्धा फेरा. शनिवारी सकाळी ताणा काढून भाच्यानं पुन्हा पाय घातला. करंगळी अजून टेकत होती, पण दुखत नव्हती. पुन्हा हलका फवारा, ताणा आत, आणि आधी होता तिथपर्यंत आणल्यावर आणखी अर्धा फेरा.

यानंतर काही करायचं नाही. लोक घाई करतात ती इथेच. चामडं ताणलेलं असलं तरी आतून दमट असतं. ते वाळण्याआधी ताणा काढला तर मागे येतं. आम्ही शनिवार सकाळ ते रविवार संध्याकाळ बूट तसाच ठेवला. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात हाच वेळ दोन दिवस धरा, आणि आत बुरशीचा वास येतोय का ते बघत राहा. वाळवण्यासाठी उन्हात मात्र ठेवू नका. रविवारी पुस्तकांमधलं अंतर 104.5 मिलिमीटर होतं. सोमवारी सकाळी ते 104 वर आलं. थोडं मागे येणं ठरलेलंच असतं, त्यासाठी गरजेपेक्षा किंचित जास्त ताणावं. रुंदीत दोन मिलिमीटर म्हणजे घेरात साधारण चार, जे हवे होते तेच.

प्रत्येक फेऱ्याआधी बूट खिडकीच्या उजेडात तिरका धरून बघा. ताणलेल्या भागावर पांढुरक्या बारीक रेषा दिसत असतील तर वरचा थर तडकायला लागला आहे. लगेच अर्धा फेरा मागे घ्या, क्रीम लावा आणि एक दिवस थांबा. रेषेवरून नख अलगद फिरवा. नख घसरून गेलं तर ती साधी सुरकुती आहे, नख अडकलं तर चीर. शिवणीची भोकं गोलाची लांबट झालेली दिसली, किंवा सोल आणि चामडं यांच्या सांध्यात फट दिसली, तर ताणणं तिथेच संपलं. एक मिलिमीटर कमी मिळाला तरी चालेल, कारण फाटलेली शिवण ही त्याहून मोठी दुरुस्ती असते.

ताणा नसेल तर जाड मोजे घालून घरात रोज वीस-तीस मिनिटं बूट घाला, क्रीम लावलेलंच असू दे. आठवडा-दहा दिवस लागतात, पण चामड्याला यासारखा सुरक्षित उपाय दुसरा नाही. मधुमेह असलेल्यांनी मात्र हे करू नये. पायाची संवेदना कमी असेल तर फोड आल्याचं कळत नाही आणि जखम चिघळते. त्यांनी बूट पाय न घालता, ताण्यावरच सैल करून घ्यावा.

जे करू नये

पाण्याची पिशवी बुटात भरून फ्रीजरमध्ये ठेवायचा उपाय खूप जण सांगतात. पाण्याचा बर्फ होताना आकारमान साधारण नऊ टक्क्यांनी वाढतं हे खरं, पण ते वाढतं मोकळ्या जागेकडे, म्हणजे बुटाच्या तोंडाकडे. करंगळीच्या जागी किती ताण येतो यावर आपला काहीच ताबा नसतो, आणि पिशवी फुटली तर अख्खा बूट भिजतो. ओल्या वर्तमानपत्राचे बोळेही नकोत. शाई अस्तराला लागते आणि तिथून मोज्यांना. बोळेच भरायचे तर जुन्या सुती साडीचे किंवा पंचाचे भरा.

खोबरेल किंवा मोहरीचं तेल पॉलिशच्या बुटाला लावू नका. चामडं काळवंडतं, पुढे पॉलिश धरत नाही आणि तेल आत जाऊन गोंद सुटू शकतो. हा सल्ला बहुधा कोल्हापुरी चपलेवरून आला असावा. कोल्हापुरीचं चामडं बाभळीची साल, हिरडा अशा झाडपाल्यानं कमावलेलं असतं, वरून रंगाचा थर नसतो, आणि तिच्या वाद्यांना तेलाचं बोट फिरवून ती मुरू देणं ही जुनी, योग्य रीत आहे. ऑफिसच्या बुटाचं चामडं बहुतेक वेळा क्रोमच्या क्षारांनी कमावलेलं आणि वरून रंगवलेलं असतं, म्हणून तिथे क्रीमच वापरावं.

गटई कारागिराकडे जाताना

बूट महाग असेल, चामडं चकचकीत असेल, किंवा पायाच्या हाडाला बाहेर उंचवटा आला असेल तर घरी प्रयोग न करता कारागिराकडे द्या. पण 'काका, जरा सैल करून द्या' एवढंच म्हणून देऊ नका. समोर गिऱ्हाईक उभं असेल तर साहजिकच ते तिपाईवर बूट उलटा घालून आतून दोन-चार ठोके देतील. त्यानं टाचेची कडा मऊ होते, चवडा रुंद होत नाही, आणि जोराचा ठोका पडला तर वरचा थर तडकतो.

त्यांना असं विचारा: "काका, तुमच्याकडे फर्मा आहे का? या जागी दोन दिवस फर्म्यावर ठेवाल का?" जागा चिकटपट्टीनं दाखवा, पेनानं खूण करू नका. फर्मा दोन भागांचा असेल तर ते मध्ये लाकडी पाचर ठोकून तो रुंद करतात, आणि करंगळीसाठी फर्म्यावर चामड्याचा छोटा तुकडा चिकटवून तेवढाच फुगवटा देतात. हे काम बारकाईचं असतं, आणि चांगल्या हातानं झालं तर घरच्या ताण्यापेक्षा नेमकं होतं. गरम करणार नाही ना, हेही आधीच विचारून घ्या, आणि पैसे ठरवून घ्या. बूट देताना उजेडात दोन्ही बाजूंचे फोटो काढा, म्हणजे चीर आधीची की नंतरची यावरून दोघांनाही वाईट वाटायला नको.

नाक्यावरच्या स्टॉलवर सगळ्या नंबरांचे फर्मे असतीलच असं नाही. मुंबईत असाल तर कुर्ला-चेंबूरकडच्या ठक्करबाप्पा कॉलनीत बूट बनवणारी छोटी वर्कशॉप्स आहेत. जिथे बूट बनतो तिथे फर्मे असतातच. इतर शहरांतही मापाचे बूट शिवून देणारं जुनं दुकान शोधा. तयार माल विकणाऱ्या दुकानापेक्षा हे काम तिथे चांगलं होईल.

ताणून झाल्यावर

सैल केलेल्या जागी पुन्हा थोडं क्रीम लावा, कारण ताणताना आणि वाळताना तिथला तेलकटपणा कमी झालेला असतो. ते मुरलं की पॉलिश. पहिल्या दिवशी बूट दोन-तीन तासच घाला आणि सोबत जुना जोड ठेवा. मग एक दिवस पूर्ण विश्रांती. पायाच्या घामानं चामडं पुन्हा दमट होतं आणि त्याच अवस्थेत सलग वाकत राहिलं तर चवड्यापाशी सुरकुत्या खोल पडतात. रात्री आत सुती कापडाचा बोळा भरून ठेवा.

भाच्यानं सोमवारी जेवणाच्या सुट्टीपर्यंत नवे बूट घातले आणि मग जुने. संध्याकाळी करंगळी लाल नव्हती. डाव्या बुटाला आम्ही फक्त क्रीम लावलं होतं. तो दहाव्या दिवशी पायाच्या आकारानं आपोआप बसला. उजव्याच्या चिकटपट्टीच्या जागेवर आजही खिडकीच्या उजेडात बघितलं तरी एकही रेष दिसत नाही.